वकीलपत्र नव्हतं, तरी ते तुमचेच वकील होते

प्रश्न: "नमस्कार सर. २०२१ साली शेताच्या वाटणीवरून चुलतभावाशी कुरबुर सुरू झाली, तेव्हा मी तालुक्यातल्या एका वकिलांकडे गेलो होतो. सगळे कागद दाखवले. घरातली साध्या कागदावरची वाटणीची चिठ्ठीही दाखवली. त्यांनी नोटीस तयार केली, २,००० रुपये घेतले. पण वडील म्हणाले घरातच मिटवू, म्हणून नोटीस पाठवलीच नाही. आता चुलतभावाने माझ्यावरच दावा लावलाय, विहिरीवर मनाई मागितली आहे, आणि वकील तेच! दाव्यात त्या चिठ्ठीचा तारखेसकट उल्लेख आहे. चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. फोन केला तर म्हणतात, 'तुमचं वकीलपत्र माझ्याकडे कधी नव्हतंच.' यांची सनद रद्द होऊ शकते का?"

सनदेचं नंतर पाहू. तुमच्या मनात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. त्या तशाच गुंतलेल्या राहिल्या तर सोपी तक्रारही अवघड होऊन बसेल. एक तक्रार अशी, की माझा वकील माझ्याच विरुद्ध उभा राहिला. दुसरी अशी, की त्याने माझं गुपित समोरच्याला सांगितलं. दोन्ही गैरवर्तनच, पण नियम वेगळे आणि पुरावाही वेगळा. तुम्हाला राग दुसरीचा आलाय. जिंकण्यासारखी मात्र पहिली आहे.

पहिलीपासून सुरुवात करतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीत सहाव्या भागातल्या दुसऱ्या प्रकरणात वकिलांच्या वागणुकीचे नियम आहेत. त्यातला ३३ वा नियम थोडक्यात असा: ज्या वकिलाने एखादा दावा, अपील किंवा इतर प्रकरण दाखल करण्याच्या संदर्भात कधीही सल्ला दिला असेल, किंवा कैफियती लिहून दिल्या असतील, किंवा एखाद्या पक्षकारासाठी काम केलं असेल, त्याने विरुद्ध पक्षासाठी काम करायचं नाही, हजर व्हायचं नाही आणि युक्तिवादही करायचा नाही. या तीन पर्यायांत वकीलपत्राचा शब्दसुद्धा नाही. नुसता सल्लाही पुरतो, आणि 'कधीही' म्हटलंय, म्हणजे चार-पाच वर्षं उलटली हा बचाव नाही. तुमच्या बाबतीत तर सल्ल्याच्या पुढे जाऊन नोटिशीचा मसुदा झाला आणि फी घेतली गेली. नोटीस टपालात पडली की नाही, याने काही बिघडत नाही.

"वकीलपत्र नव्हतं" हे उत्तर मी बार रूममध्ये बरेचदा ऐकलंय, आणि ते देणारे सगळे खोटं बोलत असतात असंही नाही. आमच्याकडे वकीलपत्र म्हणजे कोर्टात हजर होण्याचा अधिकार देणारा कागद. तो कोर्टासाठी लागतो. अशिलाशी नातं जुळतं ते त्याच्या कितीतरी आधी, समोर बसलेल्या माणसाने पिशवीतून सातबारा काढला आणि वकिलाने "बोला" म्हटलं तेव्हाच. फीवरही ते अवलंबून नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून कुणी "वाटपाच्या दाव्याला किती वर्षं लागतात हो?" विचारलं, तर मात्र तो सल्ला नव्हे. मधे बरीच करडी जागा आहे आणि तिथे प्रत्येक प्रकरण आपापल्या तपशिलावर ठरतं. तुमचं प्रकरण त्या करड्या जागेत येत नाही, एवढं नक्की.

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये चंद्रशेखर सोनी विरुद्ध राजस्थान बार कौन्सिल या प्रकरणात हेच सांगितलं होतं: एका पक्षाचं काम हाती असताना दुसऱ्याचं काम स्वीकारणं हे व्यवसायाच्या शिष्टाचाराला धरून नाही. त्या वकिलांची सनद काही काळासाठी निलंबित राहिली, अपिलात मुदत तेवढी कमी झाली. या नियमाची खरी ताकद कुठे आहे ते पाहा. गुपित फुटलं का, नुकसान झालं का, हेतू वाईट होता का, यातलं काहीही तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. त्याच वादात तो आधी तुमचा होता आणि आता त्यांचा आहे, एवढ्या दोन गोष्टी पुरतात. 'त्याच वादात' हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्यांच्याकडे पुन्हा येतो.

आता चिठ्ठीचं. तुम्ही म्हणता ती कपाटात आहे, म्हणजे वकिलाशिवाय कुणाला माहीत असणार? पण अशी घरगुती वाटणीची चिठ्ठी एकट्याने लिहिली जात नाही. तुमच्या वडिलांबरोबर चुलत्यांची सही असेल, गावातले दोघे साक्षीदार असतील. उद्या चुलतभाऊ पिंजऱ्यात उभा राहून म्हणेल, "बाबांनी मला सांगितलं होतं, तारीख त्यांच्या वहीत होती." ते खोटं कशावरून? वकिलाविरुद्धची शिस्तभंगाची कारवाई निमफौजदारी धरली जाते, आणि रास्त शंका राहिली तर तिचा फायदा वकिलाला मिळतो. गुपित फुटल्याचा आरोप असाच निसटतो. तुम्ही मुख्य भर चिठ्ठीवर ठेवलात, तर सगळी चौकशी "चिठ्ठी अजून कुणाला माहीत होती" या वाटेने जाईल आणि नोटिशीचा मसुदा कोपऱ्यात पडून राहील.

याचा अर्थ गोपनीयतेचा नियम लेचापेचा आहे असा नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुनं १२६ वं कलम त्यात १३२ वं झालंय. वकिलाने काम करताना अशिलाने सांगितलेली गोष्ट, त्या कामात पाहिलेल्या कागदातला मजकूर आणि स्वतः दिलेला सल्ला अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायचा नाही, आणि काम संपलं तरी हे बंधन संपत नाही. त्यांच्या कारकुनालाही ते लागू आहे, म्हणजे तुमची नोटीस ज्याने टाइप केली त्यालाही. बार कौन्सिलचा १७ वा नियम सांगतो की या बंधनाचा भंग प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने करायचा नाही. २४ वा नियम म्हणतो, अशिलाने टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घ्यायचा नाही. थोडक्यात, नियम कडक आहे, अडचण फक्त सिद्ध करण्याची आहे.

याच अडचणीमुळे ३३ वा नियम इतका सरळसोट लिहिलाय, असं माझं मत आहे. वकिलाच्या डोक्यात काय आहे ते कुणाला काढून दाखवता येत नाही. त्याने चिठ्ठीबद्दल एक शब्दही उच्चारला नसेल. पण दाव्याचा सातवा परिच्छेद लिहिताना काय विचारायचं आणि काय टाळायचं हे तुमच्यासमोर बसून मिळालेल्या माहितीवरूनच त्याला सुचत असेल. म्हणून दारच बंद करायचं: एका पक्षाच्या घरात आलेला वकील बाहेर पडून समोरच्या पक्षाच्या घरात शिरू शकत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एक बाई पोटगीबद्दल विचारायला आल्या. अर्धा तास बोलल्या, नवऱ्याचा पगार, घरातली भांडणं, आणि एक गोष्ट अशी, जी त्यांनी माहेरीही सांगितली नव्हती. फी मी घेतली नाही, डायरीत नावही लिहिलं नाही. दोनेक महिन्यांनी एका तरुणाचं काम आलं, बायकोने अर्ज केलाय म्हणाला. कागदावर तिचं लग्नानंतरचं नाव होतं, माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी माहेरचं सांगितलं होतं. मी वकीलपत्र दाखल केलं. पहिल्या तारखेला पुकारा झाला आणि समोर त्याच बाई. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

त्याच दिवशी पुरशीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देऊन मी वकीलपत्र काढून घेतलं आणि फी परत केली. अवघड भाग पुढचा होता. तो तरुण विचारत राहिला, "साहेब, का सोडताय?" खरं कारण सांगायचं तर "तुझी बायको आधी माझ्याकडे आली होती" असं म्हणावं लागलं असतं. तेही तिचंच गुपित. म्हणून "वैयक्तिक अडचण आहे" एवढ्यावर थांबलो. तो चिडून गेला आणि बाहेर माझ्याबद्दल बरंवाईट बोलला, ते ऐकून घेणं मला भागच होतं. तेव्हापासून ऑफिसात एक जाडजूड रजिस्टर आहे. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, माहेरचं नाव, समोरच्याचं नाव आणि असेल तर गट नंबर त्यात लिहिला जातो. फी घेतली असो वा नसो. नवीन काम घेण्याआधी ज्युनियर ते चाळतो. दोन मिनिटं लागतात. तुमच्या वकिलांकडे असं काही नसेल, तर ते खरोखर विसरलेही असू शकतात. पण तुम्ही फोन केल्यावर ती सबबही संपली.

आता तुमच्या हकिकतीत न आलेल्या तीन गोष्टी विचारतो, कारण उत्तर त्यांच्यावर फिरू शकतं.

त्या दिवशी ऑफिसात चुलतभाऊ किंवा चुलते सोबत होते का? दोघांनी मिळून सल्ला घेतला असेल, तर त्या बैठकीतलं बोलणं तुमच्या दोघांत गुपित राहत नाही, चिठ्ठीचा मुद्दा तिथेच संपतो. पण मग त्या वकिलांनी दोघांपैकी कुणाचंच काम दुसऱ्याविरुद्ध घ्यायला नको. म्हणजे ३३ वा नियम तरीही तुमच्या बाजूने राहतो.

दुसरं, ते आधीपासून चुलत्यांच्या घरचे वकील होते का? असतील तर चूक २०२१ मध्येच झाली. १४ वा नियम सांगतो, की समोरच्या पक्षाशी असलेला संबंध आणि वादातला आपला हितसंबंध वकिलाने काम घेतानाच, म्हणजे तुमचं ऐकून घेण्याआधी, उघड करायचा.

तिसरं, त्यांनी तुमचं दुसरं काही काम केलंय का? समजा त्यांनी तुमची चेक न वटल्याची केस चालवली असती आणि आता या जमिनीच्या दाव्यात समोर आले असते, तर 'त्याच वादात' हे शब्द आडवे आले असते. असा ३३ वा नियम लावता येत नाही. वकील एकदा तुमचा झाला म्हणून जन्मभर कुठल्याच प्रकरणात तुमच्याविरुद्ध उभा राहू शकत नाही, असं नाही. तालुक्याच्या ठिकाणी जेमतेम पंचवीस-तीस वकील असले तर ते शक्यही नाही. पण चेकच्या केसमध्ये तुम्ही दिलेले बँकेचे उतारे या दाव्यात तुमच्याविरुद्ध बाहेर आले, तर १७ वा आणि २४ वा नियम लागतो, वाद वेगळा असला तरी.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. आधी पुरावा गोळा करा. २,००० रुपये गूगल पेने दिले असतील तर बँकेच्या उताऱ्यात ती नोंद सापडेल. मसुदा व्हॉट्सॲपवर आला असेल तर ते संभाषण तारखेसह जपून ठेवा, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. असा पुरावा कोर्टात देताना साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे नवे वकील करून देतील. मसुदा त्यांच्या लेटरहेडवर असेल आणि सुरुवात "आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून" अशी असेल, तर वकीलपत्राचा वाद त्या एका ओळीत मिटतो. रोख दिले असतील आणि मसुदाही कागदावरच पाहिला असेल, तर तुमचं शपथपत्र आणि सोबत गेलेल्या माणसाचं शपथपत्र एवढंच उरतं. मग बाजू कमकुवत होते, हे लपवत नाही.

मग त्यांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. चारच ओळी: "अमुक तारखेस मी आपला सल्ला घेतला होता. आपण माझ्या वतीने नोटिशीचा मसुदा तयार केला होता व मी फी दिली होती. त्याच मिळकतीच्या दाव्यात आपण माझ्याविरुद्ध हजर झाला आहात. तरी आपले वकीलपत्र काढून घ्यावे." चिठ्ठीचा उल्लेख नको, आणि "नाहीतर सनद घालवतो" हेही नको. निम्मे वकील या पत्रावरच बाजूला होतात, उरलेल्यांना धमकी मिळाली की इरेला पेटायला कारण मिळतं.

आठवडाभरात काही झालं नाही, तर त्याच दिवाणी कोर्टात अर्ज द्या, की वादीच्या वकिलांना या दाव्यात हजर राहण्यास मनाई करावी. इथे कोर्ट तुम्हालाही तपासतं. आपल्या पसंतीचा वकील देण्याचा चुलतभावालाही हक्क आहे. समोरचा चांगला वकील घालवण्यासाठी खोटे अर्ज येतात, हे न्यायाधीशांना माहीत असतं. म्हणून अर्ज पहिल्या एक-दोन तारखांतच यायला हवा. साक्षीपुरावा सुरू झाल्यावर दिलात, तर पहिला प्रश्न येईल, "इतके दिवस गप्प का होता?" आणखी एक मर्यादा: नियम 'वकील' या एका माणसाबद्दल बोलतो. ते बाजूला झाले आणि त्यांच्याच ऑफिसातल्या ज्युनियरने वकीलपत्र दाखल केलं, तर त्याला आपोआप बंदी नाही. तो ज्युनियर तुमच्या बैठकीला हजर होता का ते आठवा, असेल तर अर्जात तसं लिहा.

अर्जात, शपथपत्रात आणि पुढे तक्रारीत एक काळजी घ्या. मी त्या वकिलांना काय काय सांगितलं, याची यादी देऊ नका. "वाटणी आणि विहिरीच्या हक्काबाबत सल्ला घेतला" एवढं पुरे. गुपित फुटलं हे पटवून देण्यासाठी लोक स्वतःच सगळं गुपित कोर्टाच्या रेकॉर्डवर आणून ठेवतात, आणि समोरचा ते आरामात वाचतो. त्या वकिलांना साक्षीदार म्हणून बोलावून "मी तुम्हाला चिठ्ठी दाखवली होती ना?" असं विचारलंत, तर त्या विषयावर बोलायला तुम्हीच त्यांना मोकळं केलं असं होतं. १३३ वं कलम त्याचसाठी आहे.

चिठ्ठीबद्दल स्पष्टच सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ती थोडी भीती दिसते. तिच्याबद्दल वकिलाशी झालेलं बोलणं संरक्षित आहे. चिठ्ठी स्वतः नाही. ती तुमच्या ताब्यातला जुना कागद आहे आणि कोर्ट ती हजर करायला सांगू शकतं. "असा कागदच नाही" असं शपथेवर लिहू नका, आणि फाडायचा विचार तर सोडाच. तो विचार नव्या वकिलांना बोलून दाखवलात तर त्या बोलण्यालाही संरक्षण नाही, कारण बेकायदा कामासाठी झालेलं बोलणं १३२ व्या कलमातून वगळलंय. कायद्यातलंच उदाहरण आहे: "मी खोटा दस्त केला, माझा बचाव करा" हे बोलणं गुप्त राहतं, "या खोट्या दस्तावर मला जमीन मिळवून द्या" हे राहत नाही. शिवाय आधी झालेल्या तोंडी वाटणीची नुसती नोंद करणाऱ्या कागदाला नोंदणी लागत नाही, तेव्हा ही चिठ्ठी तुम्हाला वाटते तितकी घातक आहे का, तेही नव्या वकिलांना नीट वाचू द्या.

आता सनद. तक्रार ज्या राज्याच्या यादीत त्या वकिलांचं नाव आहे तिथल्या बार कौन्सिलकडे करायची. तुमचे वकील महाराष्ट्रातले असतील तर मुंबईत, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या ३५ व्या कलमाखाली समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीसाठी निलंबन करू शकते किंवा यादीतून नाव काढू शकते. एका वर्षात निकाल झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकालाविरुद्ध आधी तिथे आणि मग सर्वोच्च न्यायालयात अपील, प्रत्येकी ६० दिवसांत. विरुद्ध बाजूच्या वकिलावर उगाच केलेल्या तक्रारींना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये चाप लावला आणि साधारणपणे तक्रारदार आणि वकील यांच्यात व्यावसायिक नातं असायला हवं असं म्हटलं. म्हणून तक्रारीची पहिली ओळ "हे माझ्या विरुद्ध पक्षाचे वकील" अशी नको, "हे माझे वकील होते" अशी हवी.

एकदाच पक्ष बदलल्याबद्दल, पैशांची अफरातफर नसताना, नाव कायमचं कमी होईल असं मला वाटत नाही. ताकीद किंवा काही काळाचं निलंबन ही माझी अटकळ. पत्र मिळाल्यावर ते लगेच बाजूला झाले, तर मी तक्रारीच्या फंदात पडणार नाही, पण तो निर्णय तुमचा. तक्रारीतून भरपाई मिळत नाही. ग्राहक आयोगाचं दारही आता बंद आहे, मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली. आणि तक्रार केली म्हणून दाव्यातलं त्यांचं वकीलपत्र आपोआप सुटत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टातलाच अर्ज लागतो.

समन्स कधी मिळालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. लेखी कैफियतीचे ३० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, फार तर ९० पर्यंत वाढवून मिळतात, आणि वकील हटवण्याचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून ते थांबत नाहीत. विहिरीवर मनाई मागितली आहे म्हणजे निशाणी ५ चा, तात्पुरत्या मनाईचा अर्ज असणार, त्याचं म्हणणं तर त्याहून आधी द्यावं लागेल. समन्सची तारीख इथे लिहा, आणि आज-उद्यात दुसऱ्या वकिलांचं वकीलपत्र दाखल करा.